राजीनामा हा धंद्याचा शेवटचा कागद आहे

आपल्या समाजात सध्या एक नवं शौर्य विकलं जातंय. नोकरी म्हणजे गुलामी, तिजारत म्हणजे इज्जत, आणि राजीनामा म्हणजे मर्दानगी. जुम्याच्या बयानात सांगितलं जातं की रिझ्कचे दहातले नऊ हिस्से तिजारतीत ठेवलेत. मोबाईलवर चमकदार कोट घातलेला कुणीतरी सांगतो की भीती सोडा, उडी मारा, पंख आपोआप फुटतील. नऊ हिश्श्यांचं ते वचन हदीस म्हणून फिरतं. अल्बानींसारख्या मुहद्दिसांनी ते कमजोर ठरवलं आहे. पण वाद तिथे नाही. समजा, नऊ हिस्से तिजारतीत आहेत. ते हिशेब न मांडणाऱ्यालाही मिळतात असं कुणी सांगितलं?

मी नाशिक रोडला लहान वर्कशॉपवाल्यांची हिशेबाची, जीएसटीची कामं करतो. माझ्या टेबलावर लोक धंदा सुरू केल्यानंतर येतात, आधी कुणी येत नाही. आधी ते मौलानांना विचारतात, सासऱ्यांना विचारतात, जुन्या साहेबांना विचारतात. वहीला विचारत नाहीत. माझं भांडण धंद्याशी नाही. राजीनाम्याला धंद्याची पहिली पायरी समजणाऱ्या सल्ल्याशी आहे.

आपलं गावही लक्षात घ्या. नाशिक रोड हे पगारावर उभं राहिलेलं गाव आहे. नोटा आणि स्टॅम्प छापणारी प्रेस, रेल्वे, एकलहऱ्याचं वीज केंद्र, देवळालीचं तोफखाना केंद्र. पुढे अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या कंपन्या आल्या आणि जेल रोड, गोरेवाडी, देवळाली गावातली पोरं बस धरून तिकडे जाऊ लागली. अशा गावात माणूस पगाराच्या तारखेवर मोठा होतो. बिल आणि पैसा यांच्यात किती दिवसांचं वाळवंट असतं, ते त्यानं पाहिलेलंच नसतं. हा त्याच्या हिंमतीचा दोष नाही, पण त्याच्या शिक्षणात राहिलेली मोकळी जागा आहे, आणि ती हिंमतीनं भरत नाही.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. नाव, कंपनी सांगणार नाही. आकडे थोडे गोल केलेत.

माणूस एका कंपनीत 14 वर्षं होता. व्हीएमसी मशीनचा सेटर, नंतर सुपरवायझर. हातात कसब असं, की ड्रॉइंग पाहून प्रोग्राम लिहावा, फिक्स्चर स्वतः बसवावं, पहिला नग मापात यावा. जुन्या साहेबांनी शब्द दिला, ‘तू मशीन घे, काम मी देतो.’ त्यानं राजीनामा दिला. शिंद्याकडे एक गाळा भाड्यानं घेतला. मशीन 22 लाखांचं. कॉम्प्रेसर, मापाची साधनं, टूल होल्डर, वायरिंग, वीजजोडणी मिळून आणखी 6 लाख. बँकेनं 20 लाख दिले. वरचे 8 लाख असे उभे राहिले: ग्रॅच्युइटीचे जवळपास 2 लाख, बायकोच्या दागिन्यांचे 3 लाख आणि मेहुण्याचे 3 लाख.

महिन्याचा खर्च त्यानं कागदावर मांडला होता, आणि प्रामाणिकपणे मांडला होता. बँकेचा हप्ता 43,500. भाडं 15,000. वीज 18,000. एका ऑपरेटरचा पगार 20,000. इन्सर्ट, कटर, कूलंट, ऑइल 15,000. दुरुस्तीसाठी बाजूला 8,000. किरकोळ आणि हिशेबाचे 6,000. स्वतःचा पगार 35,000. बेरीज 1,60,500. दिवसाला दोन पाळ्या, एक ऑपरेटरची आणि एक स्वतःची. सोळा तास गुणिले पंचवीस दिवस म्हणजे 400 तास. भागाकार केला तर तासाला 401 रुपये. कंपनीचा दर होता 400. तो म्हणाला, बरोबरीत सुटतंय, पुढे वाढेल.

चूक कुठल्या खर्चात नव्हती. चूक त्या 400 तासांत होती.

मशीन चालू असणं आणि मशीनचं बिल होणं या दोन गोष्टी आहेत. नव्या कामाचं सेटिंग करायला अर्धी पाळी जाते, त्याचे पैसे कुणी देत नाही. कच्चा माल ग्राहकाकडून यायचा असतो, तो सोमवारऐवजी बुधवारी येतो. वीज जाते. ऑपरेटर गावी जातो. एक इन्सर्ट तुटतो आणि तीन नग रिजेक्ट होतात. मी जी वर्कशॉप पाहतो, त्यांत एका मशीनवाल्याचे 400 पैकी 250 तासांचं बिल झालं तर महिना चांगला गेला असं म्हणतात. आता 1,60,500 ला 250 नं भागा. तासाला 642 रुपये. म्हणजे तो प्रत्येक तास 242 रुपये तोट्यात विकत होता आणि त्याला वाटत होतं की मेहनत कमी पडतेय. म्हणून तो तिसऱ्या पाळीलाही उभा राहायचा.

कंपनीत हे त्याला कधी दिसलं नव्हतं, कारण तिथे हे ओझं दुसरे उचलत होते. टूल रूम वेगळी, मेंटेनन्स वेगळा, तपासणीची माणसं वेगळी, माल वेळेवर आणणारा प्लॅनिंगवाला वेगळा. त्याच्या चौदा वर्षांच्या कसबाखाली पाच खात्यांची सतरंजी अंथरलेली होती. राजीनामा दिला त्या दिवशी ती निघून गेली. कौशल्याची पहिली फट ही आहे: काम करता येतं, पण कामाची किंमत काढता येत नाही. याला एमबीए लागत नाही. नोकरीत असतानाच तीन महिने एक वही ठेवा. आपल्या मशीनवर रोज किती तास खरोखर चिप पडली आणि किती तास वाट पाहण्यात गेले, ते लिहा. कंपनीचा एक कागदही बाहेर न नेता हे शिकता येतं. ती वही तुमची खरी पदवी.

त्या वहीतून आणखी एक गोष्ट कळते. 400 च्या दरानं 642 चा खर्च निघणार नाही हे आधी कळलं, तर माणूस तास विकायचा विचारच सोडतो आणि नग विकतो. एका नगाला 12 मिनिटं लागत असतील तर 400 च्या हिशेबानं त्याचे 80 रुपये होतात. तुमच्या फिक्स्चरनं तोच नग 8 मिनिटांत निघाला आणि भाव 80 च राहिला, तर तुम्हाला तासाचे 600 मिळतात. चौदा वर्षांच्या हाताची खरी किंमत त्या वाचवलेल्या चार मिनिटांत आहे. अर्थात पुढच्या वर्षी पर्चेसवाला भाव कमी करायला सांगेलच. तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे, आणि नाही तोच म्हणू शकतो ज्याच्याकडे दुसरा ग्राहक आहे.

इथे तयारीची पहिली खरी खूण येते. जुन्या साहेबांचा शब्द ही खूण नव्हे. साहेबांची बदली होते, साहेब निवृत्त होतात. 2019 च्या वाहन मंदीत आपल्याच सातपूरच्या मोठ्या कारखान्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवलं. तेव्हा शब्द देणाऱ्यांच्याही हातात काही नव्हतं. खूण ही, की तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसानं लेखी ऑर्डर दिली, पैसे दिले, आणि दुसऱ्यांदा ऑर्डर दिली. पहिली ऑर्डर ओळखीनं किंवा दयेनं मिळू शकते. दुसरी ऑर्डर माल बघून येते. असे दोन ग्राहक, आणि त्यांतला एकही तुमची जुनी कंपनी नाही, हे राजीनाम्याआधी झालं पाहिजे.

मशीन नसताना ऑर्डर कशी पूर्ण करणार, असं विचारतात. दुसऱ्याच्या मशीनवर. प्रत्येक वसाहतीत रिकामी मशीन उभी असतात, त्यांचा मालक रात्रपाळी भाड्यानं द्यायला तयार असतो. काम भावाच्या किंवा बायकोच्या नावानं उघडपणे घ्या. नफा किरकोळ राहील, पण दर, वाहतूक, रिजेक्शन आणि वसुली हे चारही विषय दुसऱ्याच्या मशीनवर शिकून होतील. एक अट आहे. आपल्या नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला बंदी आहे का ते वाचा, असेल तर लेखी परवानगी मागा. आणि कंपनीच्या ग्राहकाचं किंवा कंपनीच्या ड्रॉइंगचं काम बाहेर करणं याला धंदा म्हणत नाहीत, त्याला चोरी म्हणतात. अमानतीत खोट करून सुरू केलेल्या धंद्यात बरकत मागायला तोंड राहत नाही.

हा भित्र्यांचा मार्ग आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पाहावं. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत होते. तिथे असतानाच ते सायकली घेऊन बेळगावला भावाकडे, रामुअण्णांकडे पाठवायचे, आणि रामुअण्णा त्या विकायचे. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, पण तोवर बेळगावात दुकानाचा उंबरठा तयार होता. पुढे लोखंडी नांगर केले तेव्हा शेतकरी ते घ्यायला तयार नव्हते. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं कशावर निघाली? आधीच चालू असलेल्या लहान कामांवर. 1910 ची किर्लोस्करवाडी सगळ्यांना दिसते. भावाच्या हातची सायकल कुणी पाहत नाही.

आता वसुलीकडे या. आपल्या माणसानं महिनाअखेर एक लाखाचं बिल टाकलं, पैसे आले 75 दिवसांनी. म्हणजे सरासरी त्याचे अडीच लाख कायम बाहेर. हप्ता मात्र पाच तारखेला. जीएसटी तर बिलावर लागतो, पैसे आल्यावर नव्हे. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला तो भरायचा असतो. सुरुवातीला मशीनवर भरलेल्या कराचं क्रेडिट असतं म्हणून हे टोचत नाही. ते क्रेडिट संपतं त्या महिन्यापासून न मिळालेल्या पैशांवरचा कर खिशातून जायला लागतो. दीड-दोन वर्षं चाललेली वर्कशॉप अचानक धापा टाकू लागतात, त्याचं एक कारण हे आहे.

कायदा तुमच्या बाजूला आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. ज्याला व्याज घ्यायचं नाही त्यानं घेऊ नये, पण मुद्दल मागायला कुठल्या आलिमनं मनाई केलीय? आयकराचा एक नियमही मदतीला आला आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यामुळे मार्चमध्ये कंपन्यांना आपली आठवण येते. उद्यम नोंदणी फुकट आहे, घरबसल्या होते. तरीही आपल्या माणसानं तक्रार केली नाही, आणि ते मला समजतं. एकुलत्या एक ग्राहकाविरुद्ध तक्रार कोण करेल? कायदा दुसरा ग्राहक असलेल्याच्याच कामाला येतो. पुन्हा गाडी तिथेच येऊन थांबली.

आणि आता तो विषय, ज्यावर आपल्यात सगळेच गप्प बसतात. मेहुण्याचे 3 लाख. त्याला महिन्याला 6,000 कबूल केले होते. ते खर्चाच्या यादीत नव्हते. मी यादी परत वाचली, कुठेच नव्हते. कागदही नव्हता. ‘घरातलाच आहे, लिहायचं काय?’ चार महिने दिले, मग बंद झाले, मग बोलणं बंद झालं.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगते. नमाजेवर बोलणारे आपण या आयतीवर किती बोलतो? आणि लाखाला महिना दोन हजार असं ठरवून घेतलेला पैसा ही भागीदारी नव्हे. मुदारबतमध्ये नफ्याचा हिस्सा ठरतो, रक्कम ठरत नाही. तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा, आणि काम करणाऱ्याची मेहनत वाया जाते. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला, तोटा झाला तरी, याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. बँकेत घेतलं की हराम आणि मेहुण्याकडून घेतलं की ‘घरातलं’, ही सोय आपण स्वतःसाठी करून घेतली आहे. स्टॅम्प नको असेल तर साध्या कागदावर चार ओळी लिहा: किती दिले, कशासाठी, नफ्यात किती हिस्सा, तोटा झाला तर काय, धंदा बंद झाला तर कशाच्या विक्रीतून आणि कोणत्या क्रमानं परत. मेहुण्याला ही चौथी ओळ वाचून पैसे द्यावेसे वाटले नाहीत, तर ते पैसे आपण घ्यायचेच नव्हते.

परतीच्या वाटेबद्दल बोलणं आपल्याकडे अपशकुनाचं मानतात. तवक्कुल कमी पडला म्हणतात. पण उंट बांधून मग भरवसा ठेवायचा, ही शिकवण आपलीच ना?

त्या माणसाचा उंट कसा सुटला ते पाहा. बारा महिन्यांत, अडकलेली बिलं नंतर आली ती वजा करूनही, घरातून 6 लाखांच्या पुढे गेले. ते पीएफमधून आले. राजीनाम्यानंतर त्यानं तो काढला होता. सेवा दहा वर्षांच्या पुढे असल्यामुळे पेन्शनचा भाग काढता येत नव्हता, म्हणून तेवढा वाचला. तेराव्या महिन्यात मशीन विकलं तेव्हा 15 लाख आले. बँकेचे 16 लाख 83 हजार बाकी होते. वायरिंग, भाड्याच्या गाळ्यातलं फाउंडेशन, वापरलेले कटर यांना कुणी विचारत नाही. आज तो सिन्नरला पुन्हा सुपरवायझर आहे, आधीपेक्षा कमी पगारावर, आणि उरलेले हप्ते फेडतोय.

वाईट गोष्ट धंदा बंद झाला ही नाही. वाईट ही, की चौथ्या महिन्यात बंद करता आला असता, किंवा दर बदलता आला असता. पण तेव्हा ‘थोडं थांबू, साहेब बोललेत’ असं चाललं होतं. बुडत्या माणसाला किनारा किती दूर ते मोजता येत नाही. म्हणून रेघ पाण्यात उतरण्याआधी ओढायची असते, आणि ती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायची असते. माझ्या मते तीन रेघा पुरतात. सुरुवातीची वसुली सुरू झाल्यावर लागोपाठ तीन महिने बँकेचा हप्ता घराच्या पैशांतून गेला, तर थांबायचं. नऊ महिन्यांत दुसरा ग्राहक आला नाही, तर थांबायचं. आणि दर तीन महिन्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे: आज मशीन विकलं तर काय येईल, आणि बँकेचं किती बाकी आहे. फरक तुमच्या बाजूला शिल्लक ठेवलेल्या रकमेपेक्षा मोठा होऊ लागला, तर थांबायचं. हे तीन नियम लिहून बायकोकडे द्या. दागिने तिचे गेलेत. ‘बस’ म्हणायचा हक्कही तिचा.

दार उघडं राहावं यासाठी आणखी थोडं. घरखर्चाचे नऊ महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात, धंद्याच्या खात्याला त्याचा वासही लागू देऊ नये. ग्रॅच्युइटी हवी तर लावा, पीएफला हात लावू नका. कुटुंबाचा आरोग्य विमा राजीनाम्याच्या पुष्कळ आधी घ्या, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या विम्यात आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. अब्बांच्या मधुमेहाला तुमच्या धंद्याचा मुहूर्त कळत नाही. नोटीस पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर घ्या, भांडून निघू नका. आणि वय मोजा. पस्तिशीत परत जाता येतं. पंचेचाळीशीनंतर कंपन्या सुपरवायझर शोधताना तिशीतला शोधतात. म्हणून वय जास्त असेल तर कर्ज कमी असलं पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: ‘आता नाही तर कधी’ म्हणत माणूस सगळ्यात मोठं मशीन सगळ्यात उशिरा घेतो.

बयान करणाऱ्यांना आणि कोट घातलेल्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुणाला नोकरी सोडायला सांगाल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा. तासाचा खरा खर्च किती? न ओळखणाऱ्या किती जणांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली? बंद करायची रेघ कुणाकडे लिहून ठेवलीय? तिन्हींची उत्तरं आली तर त्याच्यासाठी दुआ करा, मीही आमीन म्हणेन आणि त्याचं पहिलं रिटर्न फुकट भरून देईन. उत्तरं आली नाहीत तर त्याला सोमवारच्या बसनं कामावर जाऊ द्या. पगाराची ती बस गुलामीची नाही. तिकिटाचे पैसे कोण देतंय आणि तो वेळ कशाला लावायचा हे ठाऊक असलेल्यासाठी तीच सगळ्यात स्वस्त शाळा आहे.